पूर्ण चौदा दिवस

डोंबिवलीत माझे टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे छोटे दुकान होते. बावीस वर्षे चालवले. मराठी टंकलेखन करून देणारी दुकाने तेव्हा स्टेशनजवळ दोन-तीनच होती, त्यामुळे आसपासच्या गृहनिर्माण संस्थांचे सचिव माझ्याकडे यायचे. हातात मागच्या वर्षीची सूचना, तिच्यावर पेनाने बदललेल्या तारखा, आणि वाक्य ठरलेले : "बाकी सगळे तेच ठेवा." प्रत्येक सूचनेची एक प्रत मी ठेवून घ्यायचे, सुरुवातीला पैशांचा हिशोब चुकू नये म्हणून, नंतर सवयीने. दुकान बंद केले तेव्हा अशा प्रतींच्या तीन जाड फायली घरी आल्या. भाषाशास्त्र मी कुठे शिकलेले नाही. या फायली चाळता चाळता जे दिसले, त्यावर हा लेख आहे. आणि खरे सांगायचे तर या फायली मी नीट वाचायला घेतल्या त्या आमच्याच इमारतीतल्या एका सूचनेमुळे.

ती सूचना आधी वाचकांपुढे ठेवते. संस्थेचे नाव तेवढे गाळले आहे.

"दिनांक : ३ सप्टेंबर २०२३. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना. संस्थेच्या सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेची सन २०२२-२३ या आर्थिक वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी ठीक १० वाजता तळमजल्यावरील वाहनतळात खालील विषयांवर विचारविनिमय करण्यासाठी आयोजित करण्यात आली आहे. तरी सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे, ही विनंती.

विषयपत्रिका : १) मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. २) समितीचा वार्षिक अहवाल, ३१ मार्च २०२३ अखेरचा ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक स्वीकारणे. ३) लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेणे. ४) सन २०२३-२४ करिता वैधानिक लेखापरीक्षकाची नेमणूक करणे. ५) इमारतीच्या दुरुस्तीबाबत विचारविनिमय करणे. ६) मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

टीप : १) गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सकाळी १०.३० वाजता घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. २) ज्या सभासदांना हिशोबासंबंधी माहिती हवी असेल अथवा सभेपुढे विषय मांडावयाचा असेल, त्यांनी दि. १० सप्टेंबरच्या आत संस्थेच्या कार्यालयात लेखी कळवावे. व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून, मानद सचिव."

महाराष्ट्रात ज्यांनी फ्लॅटमध्ये आयुष्य काढले आहे, त्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही. वॉचमन वही घेऊन दारात येतो, आपण उभ्या उभ्या सही करतो, तारीख लक्षात ठेवतो, पुढचे वाचत नाही. मीही वाचले नव्हते.

आमच्या सर्वात वरच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या छताला तीन पावसाळे ओल येत होती. त्या वर्षी गिलाव्याचा पोपडा पलंगावर पडला. गच्चीतून गळणारे पावसाचे पाणी थांबवणे हे संस्थेचे काम, तो खर्च संस्थेचा, हे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. काकूंनी अर्ज लिहिला : गच्चीच्या जलरोधनाचा विषय सभेपुढे घ्यावा. रविवारी, १० सप्टेंबरला संध्याकाळी त्या काठी टेकत खाली कार्यालयात गेल्या. सचिवांनी अर्ज घेतला, पोच दिली, आणि वर म्हणाले, "काकू, मुदत संपली. दहाच्या आत लिहिले होते. दहाच्या आत म्हणजे नऊपर्यंत."

काकू माझ्याकडे आल्या. "अगं, तू इतकी वर्षे हेच टाइप करत होतीस ना? मग सांग मला, दहाच्या आत म्हणजे दहा धरून की सोडून?"

मला उत्तर देता आले नाही. मी फायली काढल्या.

मुदत सांगायला मराठीत चार-पाच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'पर्यंत' हा शब्द बिंदूला शिवतो. 'दहा तारखेपर्यंत' म्हटले की दहा तारीख आपल्या हातात आहे, याबद्दल कोणी वाद घालत नाही. 'पूर्वी' त्या बिंदूच्या अलीकडे थांबतो; 'दहा तारखेपूर्वी' म्हणजे नऊला काम झालेले हवे. 'अखेर' हा महिन्याला किंवा वर्षाला लागतो, 'मार्चअखेर', आणि तो शेवटच्या दिवसाची संध्याकाळही धरतो. घोटाळा 'आत' या शब्दाचा आहे. 'आत' हा मुळात जागेचा शब्द : घराच्या आत, डब्याच्या आत. ज्याला लांबी-रुंदी आहे, त्यालाच आत असते. म्हणून 'तीस दिवसांच्या आत' हे चोख मराठी आहे. तीस दिवसांना लांबी आहे, त्या लांबीत कुठेही काम झाले तरी चालते. कायद्यांच्या मराठी अनुवादांत 'आत' बहुधा असाच, कालावधीला लागून येतो. पण 'दहा तारखेच्या आत' म्हटले की पंचाईत होते. दहा तारीख हा डबा धरला तर तो मध्यरात्री बंद होतो, म्हणजे दहाची संध्याकाळ आत आली. दहा तारीख ही भिंत धरली तर भिंतीच्या आत म्हणजे नऊ. 'रात्री दहाच्या आत घरी ये' असे आपण मुलांना सांगतो तेव्हा दहाचा ठोका ही भिंत असते. सचिवांनी बहुधा तोच अर्थ तारखेला लावला.

माझ्या फायलींतल्या कितीतरी सूचनांत तारखेला 'आत' जोडलेले आहे. मीच टाइप केलेल्या. कधी एका अक्षरानेही मी हरकत घेतली नाही, हे लिहिताना जरा ओशाळायला होते. त्याच सूचनांत सभेची वेळ मात्र 'ठीक १० वाजता' अशी मिनिटावर असते, आणि तिथे साडेदहाशिवाय कोणी फिरकत नाही.

काकूंना मी सांगितले, की दोन्ही अर्थ निघतात, आणि लिहिणाऱ्याने संदिग्ध लिहिले असेल तर त्याचा तोटा वाचणाऱ्याला होऊ नये, एवढे तर सचिवांशी बोलता येईल. बोलायला जायच्या आधी पूर्ण सूचना एकदा वाचावी म्हणून बसले, आणि पहिल्याच ओळीतल्या दोन तारखांवर अडले. ३ सप्टेंबर आणि १७ सप्टेंबर.

वार्षिक सभेची सूचना किती आधी द्यायची, हे उपविधी सांगतात : पूर्ण चौदा दिवस. विशेष सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण पाच दिवस. यातला 'पूर्ण' हा शब्द शोभेचा नाही. इंग्रजी कायद्यातल्या 'क्लिअर डेज'चे ते मराठी रूप आहे, आणि त्याचा अर्थ असा, की ज्या दिवशी सूचना दिली तो दिवस मोजायचा नाही आणि ज्या दिवशी सभा आहे तोही मोजायचा नाही. मधले कोरे दिवस तेवढे मोजायचे. आता मोजून पाहा. तीनला सूचना, सतराला सभा. मधले दिवस चार ते सोळा. चार ते सोळा म्हणजे तेरा.

एक दिवस कमी होता.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, मी सचिवांकडे गेले. माणूस सज्जन आहे. बँकेत नोकरी केलेला, हिशोबाला पक्का. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "ताई, रविवार ते रविवार पंधरा दिवस झाले की. लागतात चौदा. मी एक दिवस जास्तच दिला आहे."

हे उत्तर मी विसरू शकले नाही, कारण ते चुकीचे होते आणि अस्सल मराठी होते. आपण दिवस असेच मोजतो. आज रविवार असेल तर पुढच्या रविवारला आपण 'आठ दिवसांनी' म्हणतो आणि त्याच्या पुढच्या रविवारला 'पंधरा दिवसांनी'. सात आणि चौदा कोणी म्हणत नाही. कारण आपल्या मोजणीत निघण्याचा दिवसही धरलेला असतो आणि पोहोचण्याचाही. ही मोजणी घराघरांत मुरलेली आहे. बाराव्या दिवशी बारसे करतात तेव्हा जन्माचा दिवस पहिला असतो. दहावे, तेरावे करताना मृत्यूचा दिवस पहिला असतो. त्याच वर्षीचे उदाहरण घ्यायचे तर गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि अनंत चतुर्दशी २८ तारखेला होती. ते दहा दिवस झाले, कारण आपण आगमन आणि विसर्जन दोन्ही धरतो. कायद्याच्या 'पूर्ण दिवसां'नी हाच उत्सव मोजला तर तो आठ दिवसांचा भरेल.

म्हणजे दोन टोकांना दोन पद्धती आहेत. घरची मोजणी दोन्ही काठ धरते, सभेच्या सूचनेची मोजणी दोन्ही काठ सोडते. मधे आणखी एक तिसरी आहे. कायद्यातल्या शब्दांचे अर्थ लावण्यासाठी आपल्याकडे १९०४ पासून एक जनरल क्लॉजेस अॅक्ट आहे. त्यानुसार 'या तारखेपासून' म्हटले की ती तारीख सोडायची, आणि 'या तारखेपर्यंत' म्हटले की ती धरायची. एक काठ सोडायचा, एक धरायचा. त्या हिशोबाने तीन ते सतरा हे बरोबर चौदा दिवस होतात. तीन मोजण्या, तीन उत्तरे : पंधरा, चौदा, तेरा. सचिवांनी पहिली वापरली होती, उपविधींना तिसरी हवी होती, आणि दोन्हींमध्ये नेमका दोन दिवसांचा फरक आहे. 'पंधरा दिवसांची नोटीस दिली' असे कोणी म्हणाले, की त्यातून दोन वजा करून पाहावे, असे मला तेव्हापासून वाटते.

या फरकाची एक गंमत सचिवांनाही मी दाखवली. सूचनेचे दिवस मोजताना त्यांनी दोन्ही काठ धरले होते, आणि काकूंच्या अर्जाचा दिवस मोजताना काठ सोडला होता. ते हसले. मग म्हणाले, "एका दिवसाने काय बिघडते?"

प्रश्न रास्त होता. एरवी काहीच बिघडत नाही. सगळे गोडीगुलाबीने चालले असेल तर कोणी दिवस मोजत नाही. बिघडते ते एखादा ठराव कोणाला तरी जाचू लागला की. मग तो सभासद उपनिबंधकांकडे तक्रार करतो किंवा सहकार न्यायालयात जातो, आणि वकील ठरावाकडे वळण्याआधी सूचनेची तारीख पाहतो. आणि आमच्या सूचनेत एकच दिवस कमी होता असेही नव्हते. सूचनेवर तारीख तीन असली तरी वॉचमनने वही फिरवली चार आणि पाच तारखेला. वहीतल्या शेवटच्या सहीपुढे पाच होते. त्या सभासदाच्या हाती सहा ते सोळा असे अकराच पूर्ण दिवस आले. कागदावरची तारीख आणि सहीची तारीख यांत अंतर असेल, तर शेवटच्या सहीपासून मोजावे. त्यावर मग वादच उभा राहत नाही.

मी तेव्हा जरा थांबले, हेही लिहायला हवे. सभा रद्द करायला लावावी की नाही, याचा मी रात्रभर विचार केला. कारण वार्षिक सभेला दुसरीही एक भिंत असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७५ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ती व्हावीच लागते. माझ्या जुन्या फायलींत या सभा जुलै-ऑगस्टमधल्या आहेत. तेव्हा उपविधींत १४ ऑगस्ट ही तारीख होती. २०१३ च्या दुरुस्तीनंतर त्या सप्टेंबरात सरकल्या आणि गणपतीत सापडल्या. आता दरवर्षी समित्या हरतालिकेच्या आधीचा रविवार शोधतात आणि सूचना घाईत निघते. त्या वर्षी गणपती, मग २८ ला विसर्जन, मग शेवटचा शनिवार ३० तारखेला. ३० ला सभा घ्यायची तर मधे १६ ते २९ हे चौदा दिवस कोरे हवेत, म्हणजे सूचना उशिरात उशिरा पंधराला सर्वांच्या हाती पडायला हवी. मी हे मंगळवारी, बारा तारखेला, सचिवांना कागदावर मांडून दिले. तीन दिवस हातात होते.

त्यांनी समितीला विचारले. दोघे नाराज झाले, "उगाच कीस पाडताहेत" असेही कानावर आले. पण तेरा तारखेला नवी सूचना निघाली आणि चौदाच्या संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीसही सह्या झाल्या. सभा शनिवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी सहा.

नवी सूचना लिहिताना सचिवांनी मला बसवून घेतले, आणि तेव्हा विषयपत्रिकेकडे लक्ष गेले. तिथली सगळी वाक्ये 'णे'वर संपतात. वाचणे, स्वीकारणे, नेमणूक करणे. कोणी करायचे ते लिहीत नाहीत. कर्ता सभा हा असतो. पण या 'णे'च्या आधी कोणते क्रियापद आहे, यावर सभेचे हात किती लांब आहेत ते ठरते. 'नोंद घेणे' म्हणजे ऐकून ठेवणे. त्यावर मत मागितलेले नाही. 'कायम करणे' म्हणजे इतिवृत्त झालेल्या सभेचे खरे वर्णन आहे एवढे मान्य करणे. तिथे जुना निर्णय पुन्हा उकरता येत नाही, जरी दर सभेत पहिला तासभर त्यातच जातो. 'मंजुरी देणे' म्हणजे पैशाला वाट करून देणे. आणि 'विचारविनिमय करणे' म्हणजे बोलणे. फक्त बोलणे.

पहिल्या सूचनेतला पाचवा विषय आठवा : इमारतीच्या दुरुस्तीबाबत विचारविनिमय करणे. काकूंचा अर्ज न घेताही सचिव म्हणू शकले असते, की गच्ची दुरुस्तीत येतेच, बोला तिथे. काकू बोलल्या असत्या, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली असती, आणि खर्चाचा आकडा आला की कोणीतरी उठून म्हणाले असते, हा विषय पत्रिकेवर नाही. आणि त्याचे म्हणणे बरोबर ठरले असते. ज्याने घरी बसून पत्रिका वाचली आणि 'नुसती चर्चाच आहे' म्हणून आला नाही, त्याच्या मागे त्याच्या खिशाला हात घालता येत नाही. सूचनेचे सगळे प्रयोजनच ते आहे : न येणाऱ्याला, आपण न आल्याने काय होऊ शकते, ते आधी कळावे.

सहावा विषय, 'ऐनवेळी येणारे विषय', हा या बाबतीत फार बदनाम. कितीतरी सभांत मोठे खर्च या दारातून आत येतात. उपविधींत हे दार आहे, पण त्याला उंबरठा आहे : ज्या विषयांना रीतसर सूचना लागते, ते सोडून इतर विषय अध्यक्षांच्या परवानगीने घेता येतात. वाहनतळातला दिवा, जिन्यातली पादत्राणे, असे विषय तिथे शोभतात. गच्चीचे काही लाखांचे काम तिथे बसत नाही.

म्हणून नव्या सूचनेत पाचवा विषय असा झाला : "इमारतीच्या गच्चीच्या जलरोधक कामाबाबत प्राप्त झालेल्या दरपत्रकांवर विचार करून निर्णय घेणे व खर्चास मंजुरी देणे." विचार, निर्णय, मंजुरी, तिन्ही क्रियापदे एका ओळीत. दरपत्रके सूचनेसोबत जोडली. आणि मुदतीची टीप : "दि. २२ सप्टेंबर २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजेपर्यंत." तारखेसोबत तास दिला की 'आत'ची गरजच उरत नाही.

समितीने विषय घेतलाच नसता तर काकूंना दुसरा रस्ता होता. कलम ७६ नुसार एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला एका महिन्यात विशेष सभा बोलवावी लागते. चव्वेचाळीसचा पाचवा भाग आठ पूर्णांक काही, म्हणजे नऊ सह्या. काकू म्हणाल्या, "नऊ जणांच्या दारात जाऊन सांगायचे, की माझे छत गळते? त्यापेक्षा बादली ठेवीन." वरच्या मजल्यावर चारच बिऱ्हाडे आहेत. बाकी चाळिसांचे छत कोरडे असते.

राहिली तहकुबीची टीप. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तिच्याबद्दल माझे मन अजून एका बाजूला झुकलेले नाही. सभेला गणसंख्या लागते ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी कमी असेल ती. आमच्याकडे दोन तृतीयांश म्हणजे तीस, म्हणून वीस पुरेत. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. ती त्याच दिवशी, सूचनेत आधीच नमूद केलेल्या पुढच्या वेळी घेता येते; नाहीतर सात दिवसांनंतर आणि तीस दिवसांच्या आत. आणि तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. फक्त मूळ पत्रिकेवरचेच विषय घेता येतात. म्हणजे ही टीप सूचनेत छापलेली नसेल, तर त्याच दिवशी सभा घेता येत नाही. एका 'झाल्यास'वर सगळे उभे असते.

'तहकूब' हा शब्द, त्याच्या शेजारचे 'कायम', 'रोजी', 'अखेर', हे सगळे फारसी-अरबी वळणाचे, पेशवाईच्या कागदांतून कचेरीत आणि कचेरीतून आपल्या जिन्यात आलेले. त्यांच्या बाजूला 'इतिवृत्त', 'गणसंख्या', 'विषयपत्रिका' हे संस्कृतातून घडवलेले शब्द बसले आहेत. दोन्ही पिढ्या एका पानावर सुखाने नांदतात. मात्र 'तहकूब'चा रोजचा अर्थ 'पुढे ढकललेली' असा आहे, आणि सूचनेतली तहकूब सभा जेमतेम चहा होईपर्यंत पुढे जाते. बहुतेकांना माहीत असते, की दहाची सभा खरी साडेदहाची. त्यामुळे गणसंख्येची अट लोक उशिरा येऊन स्वतःच रद्द करतात.

३० सप्टेंबरला नेमके तेच झाले. सहा वाजता अकरा जण होते, साडेसहाला सतरा. विसर्जनाचा शीण होता, पितृपक्ष सुरू होत होता, हेही कारण एकाने सांगितले. अध्यक्षांनी सभा तहकूब केली, सूचनेत छापल्याप्रमाणे पावणेसातला पुन्हा सुरू केली, आणि पाचव्या विषयावर चव्वेचाळीसांपैकी सतरा सभासदांनी चव्वेचाळीसांच्या पैशातून गच्चीचे काम मंजूर केले. विरोधात दोघे. मी ज्या न येणाऱ्यांच्या बाजूने इतके दिवस मोजले होते, ते सत्तावीस जण आलेच नाहीत. पण त्या सत्तावीस जणांच्या घरी, त्यांच्या सहीनिशी, पंधरा पूर्ण दिवस तो कागद होता. पुढे एकाने उपनिबंधकांकडे जायची भाषा केली. त्याला सचिवांनी वही दाखवली. तो गेला नाही.

काम मे महिन्यात झाले, पावसाच्या आधी. काकूंनी पलंग पुन्हा खिडकीशी हलवला.

२०२४ ची सूचना माझ्या दारात आली तेव्हा मी सही करण्याआधी चष्मा लावला. सूचनेची तारीख शनिवार, १४ सप्टेंबर. सभा रविवार, २९ सप्टेंबर. पंधरा ते अठ्ठावीस, बोटांवर मोजले, चौदा. वहीत माझ्या आधीच्या सगळ्या सह्या त्याच दिवशीच्या. मी सही केली आणि खाली टीप वाचली. सभासदांनी आपले विषय दि. २२ सप्टेंबरच्या आत लेखी कळवावेत.